पाचव्या चाकातली हवा

(डिकी उघडते. सामान बाहेर येतं.)

आधी बॅगा. मग पाण्याचा कॅन. मग गालिचा, आणि त्याखालचा तळ. एवढं उपसलं तेव्हा कुठे स्टेपनी दिसली. हवा भरायला गाडी थांबते तेव्हा चार चाकांना नळी लागते, पण हा सगळा पसारा काढायला कोणी सांगत नाही.

(जवळून : टायरवर दाबलेला अंगठा.)

अंगठ्याने दाबून बघा, कडक लागतो. खालून दबलेलाही दिसत नाही, कारण त्याच्यावर गाडीचं वजनच नाही. रस्त्यावरच्या चाकात हवा कमी झाली की ते बसतं, स्टिअरिंग ओढायला लागतं. स्टेपनी असं काहीच सांगत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये हवेचा इशारा देणारा दिवासुद्धा तिच्यासाठी लागत नाही.

(गेज वॉल्व्हवर बसतं. काटा.)

या गाडीच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर ३३ पीएसआय सांगतं. काटा थांबला १४ वर. गेल्या वेळी पूर्ण हवा भरली, त्याला १६ महिने झाले. म्हणजे १९ पीएसआय गेली. पण कुठून?

(साबणाचं पाणी. मग टाकीत बुडवलेलं चाक.)

वॉल्व्हच्या तोंडावर साबणाचा फेस लावला, फुगा धरला नाही. पिन ढिली असती तर इथेच बुडबुडे आले असते. मग अख्खं चाक पाण्यात बुडवून हळूहळू फिरवलं. रिमच्या कडेलाही काही नाही. पंक्चर नाहीच. हवा रबरातूनच झिरपते. धडधाकट टायरसुद्धा महिन्याला एक-दोन पीएसआय गमावतो. चार चाकांची ही तूट अधूनमधून भरून निघते. पाचव्याची साचत जाते.

(नळी लागते. काटा चढतो.)

आता ३६ पर्यंत भरली, मुद्दाम तीन जास्त. रस्त्याच्या कडेला जास्तीची हवा सोडता येते, भरता येत नाही. चाक बारीक, तात्पुरतं असेल तर हिशोब वेगळा : त्याला बहुधा ६० पीएसआय लागते. आकडा त्याच्याच बाजूवर छापलेला असतो, तोच पाळायचा. महिन्यातून एकदा, चाकं गार असताना, पाचही बघायची.

(टायरची बाजू. २३१७.)

बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक म्हणजे टायर बनला तो आठवडा : २०१७चा तेविसावा. नक्षी कोरी करकरीत आहे, पण बाजू वाकवली की केसासारख्या भेगा उघडतात. न धावताही रबर म्हातारं होतं. भेगा दिसल्या की नक्षीकडे बघून टायर ठेवायचा नाही, बदलायचा.

(रात्र. जॅकवर गाडी. बसलेली स्टेपनी.)

ही दुसरी गाडी. हिची स्टेपनी कोणी पाहिली नव्हती.