सत्तर पैशांची झेरॉक्स

(दृश्य : कॉलेजचं फाटक, समोर सायकली. शटर वर जातं.)

यवतमाळ जिल्ह्यातलं हे एक तालुक्याचं गाव. बारावीचा निकाल लागलाय, उन्हाचा पारा 44 वर आहे आणि सकाळी साडेनऊलाच काउंटरवर पोरांच्या कोपरांना कोपरं लागलीत. मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार. प्रत्येकाच्या तीन-तीन, पाच-पाच.

(आवाज : "काकू, मार्कशीटच्या पाच काढा." "आधारची मागची बाजू पायजे का रे? एकाच पानावर देतो मंग.")

ताईंच्या झेरॉक्स दुकानाचा हा गाळा दहा बाय आठचा. त्यातली निम्मी जागा या मशीनने अडवलीय.

(दृश्य : मशीनचं बाजूचं दार उघडतं. आतला निळसर ड्रम.)

ही कॅननची आयआर जातीची मशीन. परदेशातल्या कुठल्यातरी ऑफिसात वापरून निघालेली, इकडे आल्यावर खोलून, पुसून, झिजलेले भाग बदलून विकलेली. नागपुरातून 58 हजारांना आणली. वर 6 हजारांचा स्टॅबिलायझर. ताईंच्या घरचे म्हणाले होते की एवढ्या पैशात सेकंडहँड कोण घेते? पण नवीन मशीनचा अनुभव आधी घेऊन झाला होता. तीच ती, फळीवरची. छोटी, पांढरी, दिसायला देखणी. आता फक्त स्कॅनिंगला चालते.

तिचं गणित ताईंच्या वहीतच आहे.

(दृश्य : वही, जवळून.)

तिचं कंपनीचं काडतूस 4 हजारांना. त्यात निघायची अडीच हजार पानं. म्हणजे एका पानाला नुसता टोनर 1 रुपया 60 पैसे. कागदाची रीम 260 रुपयांना, 500 पानांची. म्हणजे पानाला 52 पैसे. बेरीज झाली 2 रुपये 12 पैसे. आणि गावात झेरॉक्सचा दर 2 रुपये. दिवसभर राबायचं आणि प्रत्येक पानामागे 12 पैसे गिऱ्हाइकाला वरून द्यायचे! काडतुसाच्या खोक्यावर पानांचा आकडा छापलेला असतो, तो पानाचा शेकडा 5 भागच काळा होतो असं धरून. दाट लिहिलेल्या नोट्स आणि काळपट झालेले जुने दाखले एवढ्यावर कुठले भागवतात?

मोठ्या मशीनचा टोनर बाटलीतून सुटा भरता येतो.

(दृश्य : बाटली हलवून टोनर ओतला जातोय. तोंडाला रुमाल. फक्त आवाज.)

500 रुपयांची बाटली, ताईंच्या नोंदीप्रमाणे सुमारे 10 हजार पानं. पानाला 5 पैसे. ड्रम, ड्रम पुसणारी ब्लेड, गरम रोलर आणि मेकॅनिकचं येणं-जाणं मिळून 8 पैसे. वीज 5 पैसे. त्यात कागदाचे 52 घातले की झाले 70 पैसे. दोन रुपयांतून उरतात 1 रुपया 30 पैसे. भाडं बाजूला ठेवलं तरी मशीन आणि स्टॅबिलायझरचे पैसे फिटायला 49 हजारांवर पानं निघावी लागतात. एक वाया गेलेलं पान म्हणजे पुढच्या झेरॉक्समधली निम्म्याहून जास्त कमाई गेली. म्हणून या दुकानात सगळी राखण कागदाची.

आता हा कूलर बघा.

(दृश्य : खिडकीतला कूलर, फडफडणारं कॅलेंडर, मशीनचा कागदाचा ट्रे.)

विदर्भात मे महिन्यात कूलरशिवाय बसता येत नाही. गेल्या वर्षी त्याचं तोंड मशीनकडे होतं. चार दिवसांत मशीन दर दहा पानांमागे अडकायला लागली. पानं वाकडी होऊन निघायची, मधूनच फिकट. ताईंना वाटलं ड्रम गेला. यवतमाळहून मेकॅनिक आला. त्याने काहीच खोललं नाही. नवीन रीम फोडली आणि त्यातली पन्नास पानं चालवली. सगळी सरळ, काळी, स्वच्छ. मग ट्रेमधली जुनी पानं घातली, सातव्या पानाला अडकली.

(आवाज : मेकॅनिक. "मशीन चांगली हाय ताई. कागदाले पाणी लागलं.")

कूलरची हवा ओलसर. कागद ती ओल पितो, मग टोनर त्याच्यावर नीट उतरत नाही आणि गरम रोलरखालून जाताना तो वळतो. बरं, कूलर बंद केला तर दुसरंच. सुक्या हवेत पानं एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन एकदम ओढली जातात. म्हणून ट्रेत घालण्याआधी हे असं.

(दृश्य : ताई गठ्ठा वाकवून फडफडवतात, टेबलावर ठोकून कडा सरळ करतात. पूर्ण दाखवावं, घाई नको.)

आणि ही पेटी. प्लायवूडची, आत 40 वॉटचा बल्ब. फोडलेली रीम रात्री हिच्यात. मेकॅनिकनेच सुचवली, सुताराने साडेतीनशेत करून दिली.

दुपारी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. तेव्हा ताई पहिलं पान गिऱ्हाइकाला देत नाहीत, अंगठ्याने घासून बघतात.

(दृश्य : अंगठा, पानावर काळा फराटा.)

टोनर पुसला गेला म्हणजे रोलर पुरेसा तापलेला नाही, टोनर कागदावर वितळून बसलाच नाही. अशा वेळी थांबायचं. एकदा रेटून काम चालू ठेवलं तर पडद्यावर E000 आला. तो नुसतं बंद-चालू करून जात नाही, तापणाऱ्या भागाची तपासणी करून मेकॅनिकलाच पुसावा लागतो. दोन दिवस दुकान बंद, तेही ॲडमिशनच्या दिवसांत. इन्व्हर्टरवर चालवायची सोय नाही, कारण रोलर तापवताना मशीन घरगुती इन्व्हर्टरला झेपणार नाही एवढी वीज ओढते.

काळ्या रेघेचंही असंच. पान काचेवर ठेवून काढलं तर साफ आणि वरच्या फीडरमधून घातलं तरच उभी रेघ येते? मग ड्रमला हात लावू नका. फीडरखालच्या अरुंद काचेवर कुणाच्या तरी व्हाइटनरचा ठिपका बसलाय.

(दृश्य : ओलसर फडकं, काच, ठिपका निघतो.)

नोट्सचे गठ्ठे पाठपोट निघतात. दोन्ही बाजूंचे मिळून 3 रुपये. पोरांचा रुपया वाचतो आणि ताईंना एका कागदामागे 2 रुपये 12 पैसे सुटतात, कारण कागद एकच लागतो.

लॅमिनेशन ए-फोरला 30 रुपये, पाउच पडतं साडेचारला. दिवसाला पाच-सहा झाली तर झाली. पाउचची बंद कड आधी आत, नाहीतर सुरकुती पडते.

(आवाज : "काकू, ओरिजिनल मार्कशीट लॅमिनेट करून द्या ना." "नाही रे बाप्पा. उद्या पाठीमागं शिक्का मारा म्हनतीन, तवा कुठं मारसीन? रंगीत काढून देतो, तिले कर.")

एटीएमच्या पावत्यांनाही नकार. तो कागद उष्णतेनेच उमटतो, मशीनमधून अख्खा काळा होऊन निघतो.

समोर तिसरं दुकान उघडलंय, फॉर्म ऑनलाइन झालेत आणि बोर्डाच्या पेपरांच्या वेळेत केंद्राजवळची झेरॉक्स दुकानं बंद ठेवावी लागतात. नोव्हेंबरात शंभर पानं निघणंही जड.

(दृश्य : संध्याकाळ. पडद्यावरचा काउंटर. ताई आकडा वहीत उतरवतात.)

आज 742. वाया 9.

(दृश्य : ताई ट्रेमधली उरलेली पानं काढतात, पेटीत ठेवतात, बल्ब लावतात. शटर. फटीतून पिवळा उजेड.)