दहाचे शंभर, पण पैसे तेवढेच

मंडळी, गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट सांगतो. १६ जून २०२५, सोमवार. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला आणि दहा मिनिटांत शेजारच्या काकांचा फोन: "अरे, बजाज फायनान्स नव्वद टक्के पडला!"

पडला नव्हता. पुण्याच्या या कंपनीने दोन गोष्टी एकदम केल्या होत्या. दोन रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे एक रुपयाचे दोन तुकडे, म्हणजे स्प्लिट. आणि त्यानंतर प्रत्येक शेअरमागे चार बोनस. काकांकडे दहा शेअर होते. स्प्लिटने ते वीस झाले, विसावर ऐंशी बोनस आले, एकूण शंभर. आधीचा भाव साधारण ९,३०० होता, तो ९३० च्या आसपास उघडला. दहा गुणिले ९,३०० म्हणजे ९३,००० आणि शंभर गुणिले ९३० म्हणजेही ९३,०००. मात्र भाव त्या सकाळीच बदलला आणि नवे शेअर खात्यात यायचे होते, म्हणून ॲपमध्ये दहाच शेअर आणि ९३० चा भाव. काकांना ९३,००० च्या जागी एकूण ९,३०० रुपयेच दिसले.

आता ऐंशी शेअर फुकट आले, मग ते आले कुठून? काकांच्याच खिशातून. कंपनीचा राखीव निधी हा भागधारकांचाच असतो. काकांच्या वाट्यापुरतं बघा: भांडवलाच्या खात्यात आधी दहा शेअरचे दोन-दोन मिळून वीस रुपये होते. स्प्लिटनंतरही वीसच राहिले. बोनससाठी राखीव निधीतले ऐंशी रुपये भांडवलाकडे वळले. कंपनीत बाहेरून एक पैसा आला नाही, बाहेर गेला नाही. बोनस म्हटलं की आपल्याला दिवाळीचा आठवतो, घोळ तिथेच होतो.

ज्यांनी विकायला काढले, त्यांच्यासाठी खरी गुंतागुंत कराची. समजा काकांनी मूळ शेअर ६,००० ला घेतले होते. ॲप सरासरी ६०० दाखवतं. आयकर तसं धरत नाही. स्प्लिटच्या वीस शेअरची किंमत ३,००० प्रत्येकी आणि बोनसच्या ऐंशींची शून्य. डीमॅटमध्ये जुने शेअर आधी विकले गेले असं धरतात. त्यामुळे ९३० ला पहिले वीस विकले, तर कागदावर तोटा दिसतो. नंतरच्या ऐंशींवर मात्र सगळी विक्री नफाच.

काही हुशार लोकांना हे लगेच सुचतं: बोनसच्या तोंडावर घ्यायचे, जुने विकून तोटा दाखवायचा. म्हणून नियम असा आहे की रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे बोनस कोणाला मिळणार हे ठरवणाऱ्या तारखेच्या, आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले शेअर, बोनसचे हातात ठेवून, नंतरच्या नऊ महिन्यांत विकले, तर तो तोटा धरत नाहीत. तो उरलेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत ठरतो.