टिंब कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार. मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात टायपिंग करते. डॉक्टरांनी हातानं लिहिलेले कागद वाचायचे आणि कॉम्प्युटरवर चढवायचे, हे माझं काम. आज एका कागदाची गोष्ट सांगते.

एकोणसाठ वर्षांच्या एक काकू पित्ताशयाच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी दाखल झाल्या होत्या. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. त्यांच्या जुन्या कागदांत तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांचा १९८४ सालचा केसपेपर होता. पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला. सोबत दुसऱ्या एका दवाखान्यात कुणीतरी पूर्वी टाइप केलेला त्याचा गोषवाराही होता. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, ‘सेम पेन’. म्हणजे तेच दुखणं.

मला ते पटेना. कागदावर त्या दिवसाची तक्रार होती ताप आणि घसा दुखण्याची. मग ‘तेच’ म्हणजे कोणतं? आधीच्या तारखेला तर काही दुखल्याची नोंदच नव्हती.

अक्षर लागत नाही तेव्हा मी त्या शब्दाकडे बघतच नाही. त्याच हातचे, नक्की कळणारे शब्द आधी शोधते: महिन्याचं नाव, गोळीचं नाव, गावाचं नाव. त्यावरून डॉक्टरांचा ‘ए’ कसा, ‘एन’ कसा, हे एका कागदावर उतरवून घेते. या डॉक्टरांचा छोटा ‘आय’ मजेशीर होता. त्यावरचं टिंब नेहमी उजवीकडे सरकलेलं, पण ओळीच्या बरंच वर. आणि ‘पेन’मधलं टिंब? ते खाली, ओळीला टेकून, शब्दाच्या शेवटी होतं. म्हणजे ते ‘आय’चं टिंब नव्हतंच, शब्द तोडून लिहिल्याची खूण होती. पी, ई, एन, टिंब. दुखणं नव्हे, पेनिसिलिन. मग आधीचा शब्दही उलगडला. ‘सेम’ नव्हे, ‘सेन्स’. सेन्सिटिव्ह. ज्याला आपण अ‍ॅलर्जी म्हणतो, त्यासाठी जुने डॉक्टर हा शब्द लिहायचे.

खालची ओळ वाचली आणि माझे हात गार पडले. अ‍ॅड्रेनलिन अर्धा सीसी, मग एव्हिल. घसादुखीला कुणी अ‍ॅड्रेनलिन देत नाही. ते देतात औषधाची जबरदस्त रिअ‍ॅक्शन आल्यावर. त्याच्या वरच्या ओळीत होतं ‘पीपी चार लाख’. प्रोकेन पेनिसिलिन, चार लाख युनिट. त्या काळी गावोगावी सर्रास दिलं जाणारं इंजेक्शन.

काकूंच्या नव्या फाइलवर ‘अ‍ॅलर्जी: नाही’ अशी नोंद होती. आणि ऑपरेशनपूर्वी शिरेतून द्यायचं औषध लिहिलं होतं, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड, १.२ ग्रॅम. नावात पेनिसिलिन कुठेच नाही. पण अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातलं.

टायपिस्टनं स्वतःच्या अंदाजानं फाइल दुरुस्त करायची नसते. मी ती ओळ आहे तशी टाइप केली, पुढे ‘असे वाचले, पडताळावे’ असं लिहिलं, आणि मूळ कागद हातात घेऊन वॉर्डात सिस्टरांकडे गेले.

सिस्टरांनी काकूंना विचारलं, “काकू, कधी एखादं औषध बाधलं होतं का?”

“हो की! लग्नाआधी. सुई दिली आणि अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला.”

“मग अ‍ॅलर्जी नाही असं का सांगितलंत?”

“अ‍ॅलर्जी म्हणजे धुळीनं शिंका येतात ती ना? ती नाहीच मला.”

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. प्रश्नच त्यांच्या भाषेत विचारला गेला नव्हता.

भूल देणाऱ्या डॉक्टर रात्रीच येऊन गेल्या. त्यांनी समजावून सांगितलं की पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी जन्मभर टिकतेच असं नाही. दहा वर्षांत दहापैकी सुमारे आठ जणांची ती ओसरते. पण ओसरली की नाही, हे तयारीनिशी तपासणी करून ठरवायचं असतं, ऑपरेशनच्या टेबलावर नाही. त्यांनी दुसऱ्या गटातलं औषध लिहिलं, फाइलवरची नोंद बदलली आणि काकूंच्या मनगटाला लाल पट्टी बांधायला सांगितली. तपासणी नंतर सवडीनं करायचं ठरलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी जायच्या दिवशी मी कागद परत द्यायला गेले. त्या ओळीखाली डॉक्टरांनी दोन रेघा ओढल्या होत्या, त्या मी काकूंना दाखवल्या. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, “त्या दिवशी त्यांनी मला संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. निघताना म्हणाले, हा कागद जपून ठेव पोरी, जाशील त्या डॉक्टरला दाखव. मी दाखवत आले गं. रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय चाळीस वर्षं. पण प्रत्येक जण बघायचा आणि घडी घालून परत द्यायचा.”