उशीवर उशी

गरोदरपणात धाप लागते, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. आणि नेमकं त्यामुळेच हृदयाची धाप ओळखायला उशीर होतो. मी आज हृदयाच्या एकाच झडपेबद्दल बोलणार आहे, कारण आपल्याकडच्या गरोदर बायकांत हा दोष अजूनही बराच सापडतो.

लहानपणी घसा दुखतो, ताप येतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात. सांधे बरे होतात, घरचे विसरून जातात. पण काही मुलांत हा संधिवाताचा ताप हृदयाची झडप खराब करून जातो. डाव्या बाजूची मायट्रल झडप हळूहळू आकसते. निरोगी माणसात तिचं तोंड 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असतं. ते दीडच्या खाली गेलं की आजार गंभीर धरतात.

माझ्याकडे आलेली मुलगी 22 वर्षांची, 26 वा आठवडा. बारा दिवस खोकला, त्यावर कफ सिरपच्या दोन बाटल्या संपल्या होत्या. मी विचारलं, "रात्री झोपतेस कशी?" ती गप्प. सासूबाई म्हणाल्या, "झोपते कुठं? तीन उश्या घेऊन भिंतीला टेकून बसते. आडवी झाली की खोकला सुरू." निदान त्या वाक्यात होतं. टू-डी इकोने फक्त आकडा दिला: 0.8.

मग एकटीला बोलावून विचारलं. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून शाळेत असताना दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायची. लग्न ठरलं आणि माहेरच्यांनी ते बंद केलं. सासरी कळू नये म्हणून. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्या आईचंही मला कळतं. हे इंजेक्शन गरोदरपणातही चालतं, ते थांबवायचं नसतं.

चौथ्या महिन्यात ही मुलगी विहिरीवरून पाणी आणत होती, मग सहाव्यात काय बिघडलं? गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं, नाडीही वाढते. अरुंद दारातून जास्त माणसं काढायची असतील तर वेळ जास्त लागणार. झडपेतून रक्त खाली उतरतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात, आणि नाडी 70 ची 110 झाली की तोच वेळ कमी होतो. रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी झिरपतं. हा भार 28 ते 32 आठवड्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, म्हणून "पहिले पाच महिने काहीच त्रास नव्हता" या वाक्यावर मी विसंबत नाही.

साधी धाप जिना चढल्यावर लागते, बसलं की शमते आणि कुशीवर झोपता येतं. आडवं होताच गुदमरणं, रात्री दचकून उठून खिडकीशी बसणं, झोपल्यावर वाढणारा खोकला, शांत बसूनही नाडी शंभरावर किंवा वेडीवाकडी, चक्कर येऊन पडणं: यातलं एकही असेल तर त्याच दिवशी इस्पितळ. खोकल्यातून गुलाबी फेस आला तर 108 ला फोन करा. गाडीत तिला बसवूनच न्या, आडवं झोपवू नका.

तिला नाडी कमी करणारी मेटोप्रोलॉलची गोळी, लघवीचं औषध आणि विश्रांती दिली. थोडा उतार पडला, पण आडवं होता येईना. मग एक्स-रेखाली बघत जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद केली, 1.6 झाली. त्या रात्री ती एका उशीवर झोपली. खरं तर हे काम गर्भ राहण्याआधी व्हायला हवं होतं. तेव्हा बाळाच्या अंगावर एक्स-रेचा प्रश्नच येत नाही, आणि तब्येत ढासळल्यावर धावपळ करावी लागत नाही.

बाळंतपणाचं आम्ही 34 व्या आठवड्यात बसून ठरवलं. हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि मी. हृदयाचा आजार म्हणजे सिझेरियनच, असं नसतं. कळांनी नाडी वाढू नये म्हणून पाठीतून भूल, आणि शेवटी जोर लावायला लागू नये म्हणून व्हॅक्यूम. सलाईन मोजून. रक्तस्राव थांबवायला सर्रास देतात ते मेथर्जिन द्यायचं नाही, हे केसपेपरवर लाल शाईने लिहिलं, कारण रात्रपाळीला कोण असेल ते सांगता येत नाही. धातूची झडप बसवलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिच्या रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या गोळीने पहिल्या तीन महिन्यांत बाळाला धोका असतो, आणि स्वतःहून बंद केली तर झडपेवर गुठळी होते. तिने पाळी चुकताच फोन करायचा.

मुलगी झाली. बाहेर "सुटली बाई एकदाची" म्हणत पेढे वाटले गेले आणि आम्ही तिला आयसीयूत हलवलं. घरच्यांना ते समजेना. गर्भाशय आवळलं की त्यातलं रक्त एकदम हृदयाकडे येतं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस पुन्हा धोक्याचे असतात. तिसऱ्या रात्री मी फेरीला गेले तेव्हा ती सपाट, कुशीवर झोपली होती, आणि जादाच्या दोन उश्या सासूबाईंनी स्वतःच्या पाठीशी घेतल्या होत्या.