नाकाशेजारच्या दोन पांढऱ्या रेघा

(दृश्य: रिकामी खोली. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी पांढरी धूळ. भिंतीवर पॉलिश पेपर घासल्याचा आवाज.)

भिंतीला लावलेली लांबी वाळली, की ती घासावी लागते. हा रंगारी सकाळपासून तेच करतोय. हातात पॉलिश पेपर, डोक्याला फडकं, तोंडावर निळा सर्जिकल मास्क. आता पाणी प्यायला थांबलाय आणि मास्क त्याने हनुवटीखाली ओढलाय.

त्याच्या चेहऱ्याकडे जवळून बघा. मास्कखालची कातडी बरीचशी स्वच्छ आहे. पण नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकपुडीपर्यंत, बोटाने पीठ ओढल्यासारखी एकेक पांढरी रेघ आहे. दोन्ही गालांवरही कानाकडून ओठांकडे येणारा फिकट पट्टा दिसतो.

ही हवेची पायवाट आहे. दिवसभर तो श्वास घेत होता, त्यातली काही हवा मास्कमधून न येता या वाटेने आत आली. येताना धूळ घेऊन आली आणि थोडी इथे सांडून गेली. बाकीची कुठे गेली, ते उघड आहे.

(दृश्य: टेबलावर तीन मास्क: कापडी, सर्जिकल, एन ९५. कात्रीने एकेक उभा कापला जातो.)

मास्क निवडताना आपण आधी थर मोजतो. तेही बघायलाच हवं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

हा कापडी मास्क. भिंगाखाली धरला की उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी दिसते आणि दर चार धाग्यांमध्ये एक चौकोनी फट. विणीप्रमाणे ही फट कमीजास्त असते, पण विरळ सुती कापडात ती शंभर मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, सहज निघते. प्रदूषणाच्या बातम्यांमध्ये ज्याला पीएम २.५ म्हणतात, ते कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. उघड्या दारातून टेबल टेनिसचा चेंडू जावा, साधारण त्या मापाने हा कण त्या फटीतून जातो. घट्ट विणीच्या कापडाचे दोन-तीन थर रस्त्यावरची जाड, डोळ्यांना दिसणारी धूळ बऱ्यापैकी अडवतात. बारीक धुळीपुढे मात्र ते कमी पडतात. आणि थर वाढवत नेले, की श्वास ओढायला जड जातो. मग हवा सोपी वाट शोधते, म्हणजे पुन्हा नाकाशेजारची.

आता सर्जिकल मास्क. बाहेरचा निळा थर आणि आतला पांढरा थर हे मुख्यतः आधारासाठी असतात. खरं काम मधल्या थराचं. हा बघा, गुळगुळीत, पातळ, टिश्यू पेपरसारखा. याला मेल्टब्लोन म्हणतात. पॉलिप्रॉपिलीन वितळवून गरम हवेच्या झोतात त्याचे तंतू ओढले जातात. ते काही मायक्रॉनचेच असतात, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि गवताच्या गंजीसारखे कसेही पसरलेले. मास्क कापल्यावर हा मधला थर सापडलाच नाही, तर तुमच्या हातात दोन पातळ कापडं आहेत, एवढंच समजा.

(दृश्य: आरेखन. तंतूंच्या गुंत्यातून जाणारे तीन आकारांचे कण.)

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी, आणि भोकापेक्षा लहान ते सगळं खाली पडतं, असं आपल्याला वाटतं. फिल्टरमध्ये तसं घडत नाही. हवा तंतूंना वळसे घालत जाते. मोठा कण जड असल्यामुळे त्याला ते वळण घेता येत नाही आणि तो तंतूवर आपटून चिकटतो. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भरकटतो, त्यामुळे तोही कुठल्या ना कुठल्या तंतूला जाऊन लागतो. निसटतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. आपटायला हलके आणि भरकटायला जड.

त्यांच्यासाठी या थराला स्थिर विद्युतभार दिलेला असतो. केसांतून फिरवलेला प्लास्टिकचा कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसा तंतू जवळून जाणारा कण ओढून घेतो. त्यामुळे तंतू फार दाट न भरताही कण अडतात आणि श्वास मोकळा राहतो. एकदा वापरायचा मास्क धुवू नये, त्याचं कारणही हेच. साबणाने किंवा सॅनिटायझरच्या अल्कोहोलने हा भार निघून जातो. मास्क दिसायला नव्यासारखा स्वच्छ होतो, पण बारीक कण पकडण्याची त्याची ताकद बरीच गेलेली असते.

एन ९५ मध्येही हाच पदार्थ असतो, फक्त अधिक आणि मोजूनमापून. त्याची चाचणी मुद्दाम त्या निसटणाऱ्या, ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या मिठाच्या कणांनी करतात. हवाही मिनिटाला ८५ लिटर या वेगाने सोडतात, म्हणजे जोराचं काम करताना लागणाऱ्या श्वासाइतकी. त्या अवस्थेत किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत. युरोपातल्या एफएफपी २ या तशाच मास्कला ९४ टक्क्यांची अट आहे. सर्जिकल मास्कच्या खोक्यावरही ९५ किंवा ९८ टक्के लिहिलेलं असतं, आणि इथे पुष्कळजण फसतात. तो आकडा जिवाणू असलेल्या, साधारण तीन मायक्रॉनच्या थेंबांसाठीचा असतो. आकडे सारखे दिसले तरी परीक्षा वेगळी आहे.

(दृश्य: पुन्हा रंगाऱ्याचा चेहरा. नाकाशेजारची रेघ.)

आता त्या रेघांकडे परत येऊ. या आकड्यांमध्ये त्यांचा हिशेब कुठेच नाही.

तो आपण करू. हवेत धुळीचे शंभर कण आहेत असं धरा. मास्क उत्तम, ९५ टक्के अडवणारा, पण कडेला फटी आहेत आणि श्वासातली वीस टक्के हवा तिथून येते. त्या हवेतले वीस कण थेट आत. उरलेले ऐंशी फिल्टरमधून येतात, त्यातले पाच टक्के, म्हणजे चार निसटतात. एकूण चोवीस.

आता दुसरा मास्क. फिल्टर साधारणच, ऐंशी टक्के अडवणारा. पण चेहऱ्याला नीट बसलेला, फटीतून फक्त दोन टक्के हवा येते. फटीतून दोन कण आले. उरलेल्या अठ्ठ्याण्णवपैकी वीस टक्के, म्हणजे जवळपास वीस, फिल्टरमधून निसटले. एकूण बावीस.

हलका फिल्टर पुढे गेला. थोड्याच फरकाने, पण गेला. आणि पहिल्याच मास्कची गळती दोन टक्क्यांवर आणली, तर आत येतात सातच्या आसपास कण. चोवीसवरून सातवर. त्यासाठी मास्कमध्ये एकही थर वाढवावा लागला नाही.

(दृश्य: रंगारी आरशासमोर. हातात वाटीच्या आकाराचा एन ९५.)

आमच्या रंगाऱ्याने दुसऱ्या दिवशी सर्जिकल मास्क सोडून हा घेतला. संध्याकाळी गालावरचे पट्टे गेले होते. नाकाशेजारच्या रेघा बारीक झाल्या, पण होत्याच. शिवाय त्याच्या चष्म्यावर सारखी वाफ धरत होती. वाफ वर येते म्हणजे नाकापाशी फट आहे, आणि जिथून श्वास बाहेर जातो तिथूनच तो आतही येतो.

त्याची पहिली चूक अगदी साधी होती. नाकावरची पट्टी तो एका हाताच्या चिमटीने दाबायचा. तशी दाबली की मधोमध तंबूसारखा कोन उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी उरते. दोन्ही हातांची बोटं पट्टीच्या मध्यावर ठेवून बाहेरच्या बाजूला दाबत न्यायची, पट्टी नाकाच्या उतारावर बसेपर्यंत. मास्क बांधायच्या दोन रबरी पट्ट्यांपैकी वरची डोक्याच्या मागे उंचावर, खालची कानांखालून मानेवर. तो दोन्ही मानेवरच घ्यायचा, त्यामुळे मास्क वरून सैल राहायचा.

मग तपासणी. दोन्ही तळहात मास्कवर हलके ठेवायचे, मास्क सरकू न देता, आणि जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे किंवा गालावर वारा लागला, तर तिथे फट आहे. मग झटकन श्वास आत ओढायचा. मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. नुसता तोंडावर स्थिर राहिला, तर हवा दुसरीकडून येतेय. दर वेळी मास्क घालताना हे करायचं. दहा सेकंद लागतात.

इतकं करूनही वाटीच्या मास्कमध्ये त्याच्या नाकापाशी वारा लागतच राहिला. त्याचं नाक अरुंद आणि उंच, वाटी रुंद. असं होतं, चेहरे वेगवेगळे असतात. त्याने मधून घडी पडणारा, चपटा एन ९५ घालून पाहिला आणि नाकाची बाजू बसली. आता वारा लागत होता जबड्यापाशी. तिथे दोन दिवसांची खुरटी दाढी होती. मास्कची कड आणि कातडी यांच्यामध्ये ते राठ केस उभे राहतात आणि कड टेकूच देत नाहीत. दाढी केली, पुन्हा तपासलं. मास्क आत ओढला गेला.

(दृश्य: संध्याकाळ. रंगारी मास्क उतरवतो. कॅमेरा नाकाशेजारी.)

रेघा नाहीत. मास्क बाहेरून पांढराफटक, आतून कोरा. श्वास मात्र दुपारपासून जड जातोय, असं तो म्हणाला. तेही बरोबर आहे. धूळ साचत गेली की फिल्टर तुंबतो. कण तो अडवतच असतो, पण ओढ वाढते आणि हवा पुन्हा कडेच्या फटी शोधू लागते. एवढ्या धुळीच्या कामात श्वास जड वाटला की मास्क टाकायचा, दिवस संपायची वाट न बघता.

सर्जिकल मास्कच हाताशी असेल, तर कानाच्या दोऱ्यांना मास्कच्या कडेलगत गाठ मारायची आणि बाजूला फुगणारी चुणी आत खोचायची. गालावरची फट बरीच कमी होते. एन ९५ ची जागा मात्र तो घेत नाही.

(दृश्य: खोलीत तेलरंगाचा डबा उघडला जातो.)

आज ऑइल पेंट. रंगाऱ्याने चांगला बसलेला एन ९५ घातला, आणि डबा उघडताच थिनरचा वास आला. हा फटीचा दोष नाही. वास म्हणजे वायू, आणि वायूचे रेणू या तंतूंना दाद देत नाहीत. मास्कमध्ये कोळशाचा पातळ थर असला तरी वास थोडा मंदावतो, एवढंच. या कामाला सेंद्रिय वाफांसाठीची, म्हणजे थिनरसारख्या द्रावकांची वाफ शोषणारी, डबीसारखी कार्ट्रिज लावलेला रबरी मास्क लागतो.

त्याने तो चढवला. दोन्ही कार्ट्रिज तळहातांनी झाकून घेतली, हळू श्वास आत ओढला आणि थांबला. रबर गालांवर आत ओढलं गेलं. तो मनात दहापर्यंत मोजतोय. रबर तसंच, आत ओढलेलं. मग त्याने हात काढले आणि ब्रश उचलला.