सत्त्याण्णव नोटा

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय एक लहानशी कथा आहे. ती माझीच असल्याने तिच्यातल्या चुकांविषयी मला मोकळेपणाने बोलता येईल. पंचवटीत, दिंडोरी रोडवरच्या मार्केट यार्डाजवळच्या एका बँकेच्या शाखेत ती घडते. रोकड स्वीकारणाऱ्या कारकुनाला काउंटरवर कोणीतरी विसरलेली नोटांची गड्डी सापडते, एवढेच तिचे कथानक. कारकुनाला मी नाव दिले नाही. शाखेत त्याला सगळे ‘तीन नंबर’ म्हणतात, कारण त्याच्या खिडकीवर तो आकडा आहे.

पहिल्या खर्ड्यात मी जे लिहिले होते, ते बहुतेक जण लिहितील तेच होते. घरी आजारी आई, मुलीची फी, समोर पन्नास हजार रुपये आणि रात्रभर तळमळ. तो खर्डा मी एका निवृत्त रोखपालांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “सगळी गड्डी घरी न्यायचा विचार रोखपालाच्या मनात फारसा येत नाही हो. दिवसभर त्याच्या हातातून तिच्या कितीतरी पट रक्कम जाते. त्याला पैशाचा मोह नसतो, त्याला मेळाची भीती असते.” या एका वाक्याने माझी कथा मोडली आणि मग नव्याने उभी राहिली.

मेळ म्हणजे काय, ते थोडे सांगतो. सकाळी हाती घेतलेली शिल्लक, तिच्यात दिवसभराचा भरणा, त्यातून दिलेल्या रकमा वजा, आणि उरेल तेवढी रोकड पेटीत प्रत्यक्ष असली पाहिजे. जास्त निघाली तर ती संकीर्ण ठेवींच्या खात्यात जाते आणि मालक सापडेपर्यंत तिथेच राहते. कमी निघाली तर ती रोखपालाला भरून द्यावी लागते. माझ्या नव्या खर्ड्यात तीन नंबरची रोकड त्या दिवशी संध्याकाळी दोन हजारांनी कमी भरते, म्हणजे पाचशेच्या चार नोटांनी.

आता गड्डीकडे येऊ. बँकेच्या भाषेत शंभर नोटांचे एक पाकीट आणि अशा दहा पाकिटांचे एक बंडल होते, जरी काउंटरबाहेर आपण शंभर नोटांनाच बंडल म्हणत असलो तरी. पूर्वी पाकिटाला पिना मारत. रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये ती पद्धत बंद करायला सांगितली आणि तेव्हापासून कागदी पट्टी आली. त्या पट्टीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि मोजणाऱ्याची सही असते. तीन नंबरला दुपारी रांग ओसरल्यावर काचेबाहेरच्या फळीवर हातरुमालात गुंडाळलेले असे पाकीट दिसते. ते हातात घेताच त्याचा अंगठा थांबतो, कारण पट्टी ढिली आहे. भरलेल्या पाकिटावर पट्टी घट्ट बसते. मधून नोटा ओढून घेतल्या की ती न फाटताही सरकू लागते. तो हाताने मोजतो. सत्त्याण्णव. पुन्हा मोजतो. सत्त्याण्णवच. अट्ठेचाळीस हजार पाचशे रुपये.

इथे तो एक चूक करतो आणि ती मी मुद्दाम ठेवली आहे. खरे तर सापडलेली रक्कम आपल्या रोकडीला लागू द्यायचीच नसते. शाखाधिकाऱ्यांना लगेच बोलावायचे, दोघांनी मिळून मोजायचे, पट्टी आणि रुमालासह लिफाफ्यात घालून मोहोर करायची, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि तो तिजोरीत ठेवायचा. आकडा मात्र कोणालाही सांगायचा नाही, कारण हक्क सांगायला येणाऱ्याला विचारण्यासारखा तो एकच प्रश्न शिल्लक असतो. पण शाखाधिकारी दुसऱ्या कामात आहेत आणि खिडकीपुढे पुन्हा चार माणसे उभी राहिली आहेत, म्हणून तीन नंबर रुमालातली गड्डी ‘तूर्त’ आपल्या पेटीत टाकतो. त्या ‘तूर्त’मध्ये माझी सगळी कथा आहे.

कारण सायंकाळी पेटीत दोन हजार कमी आहेत, शेजारी न मोहोरलेली गड्डी आहे आणि तिच्यातल्या नोटा किती हे त्याच्याशिवाय कोणालाही माहीत नाही. त्याने चार नोटा इकडच्या तिकडे केल्या तर गड्डीत त्र्याण्णव उरतील, आणि मालकाला मिळणारी ती रक्कमही ‘जवळजवळ सगळी’च असेल. मोह असा सुट्ट्या पैशांत येतो, हे मला त्या रोखपालांमुळे कळले.

कायद्याचाही एक धागा मी कथेत ओवला आहे. 1860 च्या दंड संहितेतल्या 403 व्या कलमाखाली, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेच्या 314 व्या कलमाखाली, एक साधे उदाहरण दिले आहे. हमरस्त्यावर रुपया सापडला, तो कोणाचा हे ठाऊक नाही आणि कोणी तो उचलला, तर एवढ्याने गुन्हा होत नाही. मालक शोधण्याचे साधन हाती असताना वाजवी प्रयत्न न करता रक्कम आपलीशी केली, तर मात्र तो अपहार ठरतो. तीन नंबरच्या हाती साधन आहे ते पट्टीवरच्या शिक्क्याचे. तो शिक्का दुसऱ्या शाखेचा आहे. तिथे फोन केल्यावर उत्तर मिळते की आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी व्यापाऱ्यांनी अशी कितीतरी पाकिटे नेली आहेत. पट्टी पैसा कुठून निघाला ते सांगते. तो पुढे कोणाच्या पिशवीत गेला, ते सांगत नाही.

नाशिकच्या वाचकांना नोटांविषयी निराळे सांगायला नको. 1928 पासून नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा छापल्या जात आहेत, आणि कोऱ्या नोटेचा करकरीत कागद या गावात अनेकांच्या घरी बोलण्यातला विषय आहे. म्हणूनच कथेतल्या नोटा मी जुन्या, मऊ, टोमॅटोच्या क्रेटचा वास लागलेल्या ठेवल्या. (एका संपादकांनी वासाचे वाक्य काढायला सांगितले होते. मी काढले नाही.)

रात्री आठला तीन नंबर शाखाधिकाऱ्यांसमोर गड्डी मोजतो, सत्त्याण्णवचा कागद लिहितो, मोहोर करतो आणि दोन हजारांची तूट आपल्या खिशातून भरतो. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात कथा इथेच संपत होती. ती मला पोकळ वाटत होती, कारण प्रामाणिक माणसाला लेखकाने शाबासकी दिल्यासारखे ते झाले होते.

आता ती दुसऱ्या दिवशी सकाळी संपते. गिरणाऱ्याकडच्या एक बाई येतात. टोमॅटोच्या विक्रीचा हिशेब झाल्यावर व्यापाऱ्याने दिलेले पैसे त्यांचा मुलगा घेऊन आला होता, आणि त्या ते पीककर्जात भरायला आल्या होत्या. कर्ज भरण्याची खिडकी दुसरी आहे असे कोणीतरी सांगितल्यावर त्या घाईत निघाल्या आणि गड्डी फळीवर राहिली. रुमालाचा रंग, त्याच्या कोपऱ्याची गाठ, सगळे जुळते. मात्र नोटा किती, असे विचारल्यावर त्या म्हणतात, “शंभर. पट्टीवर लिवलंय ना.” शाखाधिकारी कॅमेऱ्यातले चित्रण पाहून खात्री करून घेतात आणि लिफाफा फोडतात.

बाई तिथेच फळीवर, बोट ओले करून, एकेक नोट मोजतात. मागे रांग थांबते. शेवटची नोट ठेवून त्या काचेतून तीन नंबरकडे बघतात आणि म्हणतात, “दादा, तीन कमी हायेत.”

तो काही बोलत नाही. बाहेर मोटारसायकलवर त्यांचा मुलगा बसला आहे, गाडी चालूच आहे, आणि आईबरोबर तो आत आलेला नाही.