सोसायटीच्या गच्चीवर सोलर: दहा किलोवॅट की सात?

नमस्कार श्रोतेहो. मी लातूरहून बोलतोय. माझं सगळं आयुष्य वीजकामात गेलं, आणि आता आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे आहे. आम्ही गच्चीवर सोलर बसवलं तेव्हा आलेल्या पहिल्याच माणसाने सांगितलं, "दहा किलोवॅटचं टाका, बिल झिरो." आम्ही सातचं टाकलं. असं का केलं, ते आज तुम्हाला हिशेबासकट सांगतो. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा.

सोसायटीचं कॉमन मीटर म्हणजे लिफ्ट, जिन्यातले दिवे, बोअरची मोटर आणि हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप. या मीटरला घरगुती दर लागतो, आणि तो टप्प्याटप्प्याने चढत जातो. पहिली शंभर युनिट स्वस्त, मग तीनशेपर्यंत महाग, पाचशेपर्यंत आणखी महाग आणि पाचशेच्या पुढे सगळ्यात महाग. हे दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलत राहतात, म्हणून मी वहन आकार आणि वीज शुल्क धरून गोल आकडे घेतो: पहिल्या टप्प्याला सहा रुपये, दुसऱ्याला साडेअकरा, तिसऱ्याला पंधरा, चौथ्याला सतरा. तुम्ही तुमच्या बिलावरचे आकडे घाला.

आम्ही आधी बारा महिन्यांची बिलं एका कागदावर उतरवली. एका महिन्याच्या बिलावर जाऊ नका. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी खोल जातं, मोटर तासन्‌तास चालते. पावसाळ्यात तीच मोटर थोड्या वेळात टाकी भरते. आमची वर्षाची सरासरी निघाली महिन्याला ९०० युनिट. वरच्या दरांनी त्याचे होतात १२,७०० रुपये. स्थिर आकार वेगळा, आणि तो सोलरनंतरही भरावाच लागतो. म्हणून बिल झिरो होतं हे खरं नाही.

आपल्या मराठवाड्याच्या उन्हात एक किलोवॅटचं सोलर वर्षाच्या सरासरीने महिन्याला साधारण १२० युनिट देतं. हे युनिट बिलातून वजा होतात ते वरच्या, महागड्या टप्प्यापासून. त्यामुळे पहिला किलोवॅट महिन्याला १२० गुणिले सतरा, म्हणजे २,०४० रुपये वाचवतो. अगदी तळाला पोचणाऱ्या किलोवॅटची शंभर युनिट सहा रुपयांच्या टप्प्यात येतात आणि वीस साडेअकराच्या, म्हणून तो फक्त ८३० वाचवतो. किंमत मात्र दोघांची सारखीच.

आता किमतीकडे येऊ. आम्हाला आलेल्या कोटेशनांचा मधला आकडा किलोवॅटला ६०,००० रुपये होता. 'पीएम सूर्यघर' योजनेत हाउसिंग सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. एकट्या घराला मिळणारे ७८,००० आणि हे, यांत गल्लत करू नका. सोसायटीच्या पदरचे राहिले किलोवॅटला ४२,०००.

सात किलोवॅटला आमचे पदरचे झाले २ लाख ९४ हजार. महिन्याला ८४० युनिट तयार, साठ युनिट विकत, वाचले १२,३४०. म्हणजे दोन वर्षांत पैसे वसूल. पॅनेल धुणं आणि विमा धरला तर सव्वादोन. दहा किलोवॅट घेतलं असतं तर वरच्या तीन किलोवॅटसाठी आणखी १ लाख २६ हजार गेले असते. त्यातून मिळालं काय असतं? उरलेल्या साठ युनिटचे ३६० रुपये, आणि महिन्याला तीनशे युनिट शिल्लक. ही शिल्लक नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे बाहेर दिलेली युनिट वापरातून वजा करण्याच्या पद्धतीत, पुढच्या महिन्याला जाते, पण ३१ मार्चला खातं बंद होतं आणि उरलेली युनिट महावितरण घाऊक दराने विकत घेते. तो दर मी तीन रुपये धरला. म्हणजे आणखी ९००. दोन्ही मिळून १,२६०. एक लाख सव्वीस हजारांना भागा: शंभर महिने, आठ वर्षं चार महिने. एकाच गच्चीवरचे सात किलोवॅट दोन वर्षांत फिटतात आणि त्यांच्या शेजारचे तीन आठ वर्षांत, हे आमच्या सर्वसाधारण सभेत फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा वाद संपला.

ज्यांच्या सोसायटीला लिफ्ट नाही आणि महिन्याला अडीचशेच युनिट लागतात, त्यांचं कॉमन बिल महागड्या टप्प्यात जातच नाही. त्यांची वसुली तीन वर्षांच्याही पुढे जाते. दोनच किलोवॅट पुरतात; तेवढेच घ्या. आणि कॉमन मीटरवरचं सोलर कॉमन बिलातूनच वजा होतं, कुणाच्या फ्लॅटच्या बिलातून नाही, हेही सभासदांना आधीच स्पष्ट सांगा.

मंजुरीचं काम ऐकायला सोपं आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव करायचा, त्यात किती किलोवॅट, किती खर्च, कोणत्या निधीतून आणि सह्या कुणाच्या हे लिहायचं, मग pmsuryaghar.gov.in वर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज करायचा. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही, तो मंजूरच धरला जातो. आमचं काम अडलं ते वेगळ्याच जागी. पंधरा वर्षं झाली तरी कॉमन मीटर बिल्डरच्याच नावावर होतं! बिल दरमहा सोसायटी भरते, म्हणून कुणी वरच्या कोपऱ्यातलं नाव वाचलंच नव्हतं. अनुदान सोसायटीच्या बँक खात्यात यायचं, तर बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच पाहिजे. आधी नावबदल करून घेतला, त्यात दीड महिना गेला. तुमचं बिल आज संध्याकाळीच काढून बघा. त्यावरच 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही पाहा. सोलर त्याच्यापेक्षा मोठं घ्यायचं असेल तर भार वाढवून घ्यावा लागतो.

अनुदान काम पूर्ण होऊन मीटर बसल्यावर येतं. पूर्ण ४ लाख २० हजार आधी आम्हालाच उभे करायचे होते. ते आम्ही दुरुस्ती निधी आणि फ्लॅटमागे थोडी वर्गणी असे जमवले. सिंकिंग फंडाला हात लावला नाही. तो इमारतीच्या मोठ्या कामासाठी आहे.

आता व्हेंडर. पोर्टलवर नोंद असलेल्यांपैकी तिघांकडून कोटेशन मागवलं. एक बाकीच्यांपेक्षा बरंच स्वस्त होतं. बारीक अक्षरांत वाचलं तर पॅनेल परदेशी सेलचं, म्हणजे उन्हापासून वीज करणाऱ्या परदेशी चकत्यांचं निघालं. अनुदानाला सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, त्याला 'डीसीआर' म्हणतात. ते स्वस्त पॅनेल घेतलं असतं तर १ लाख २६ हजारांच्या अनुदानावर पाणी सोडावं लागलं असतं. म्हणून करारात पॅनेलच्या सीरियल नंबरची यादी मागा आणि माल गच्चीवर चढण्याआधी ती पॅनेलच्या पाठीवरच्या पट्टीशी ताडून घ्या. आम्ही तेराच्या तेरा पॅनेल जिन्यात उभी करून वाचली.

कोटेशनमध्ये दुसरी बघायची गोष्ट म्हणजे सांगाडा. 'जीआय स्ट्रक्चर' एवढंच लिहिलेलं चालत नाही. बनवून झाल्यावर जस्तात बुडवून काढलेला, ऐंशी मायक्रॉन थराचा, असं लिहून घ्या. आधीच मुलामा दिलेल्या पट्ट्या गच्चीवर कापून, भोकं पाडून जोडल्या की कापलेल्या कडेला दोन पावसाळ्यांत गंज धरतो. आपल्याकडे वळवाचं वारं कसं पत्रे उचलतं, ते सांगायला नको.

आणि कोबा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सभेत हात वर करून विचारलं, "माझ्या स्वयंपाकघरात गळायला लागलं तर?" त्यांचं बरोबर होतं. डिशचा खांब बसवताना कुणीतरी कोब्यात ड्रिल केलं होतं, आणि त्यांच्या ओट्यावरचा तो पिवळा डाग सगळ्यांनी पाहिलेला होता. आम्ही करारात लिहून घेतलं की गच्चीत एकही भोक पाडायचं नाही. सांगाडा वर ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा राहील, आणि पाच वर्षांत त्या जागी गळती झाली तर दुरुस्ती व्हेंडरची. ठोकळे किती वजनाचे, हे मात्र वाऱ्याच्या हिशेबाने इंजिनिअरनेच काढायला हवं.

जागा निवडताना पाण्याच्या टाकीची सावली बघा. आम्ही डिसेंबरात सकाळी नऊला आणि दुपारी चारला गच्चीवर खडूने सावलीच्या रेषा मारल्या, कारण तेव्हा सावली सगळ्यात लांब पडते. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात. एकावर सावली आली तर त्या ओळीलाच फटका बसतो.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा. आम्ही तिथे एकदा फसलो. सांगाडा उभा राहिला, वायरिंग झालं, आणि नेट मीटर यायच्या आधीच व्हेंडरच्या माणसाने 'टेस्टिंग' म्हणून सिस्टीम चालू करून ठेवली. जुनं मीटर वीज कुठल्या दिशेने जाते ते ओळखत नव्हतं. दुपारी आम्ही बाहेर ढकललेली युनिटसुद्धा त्याने वापर म्हणून मोजली, आणि त्या महिन्याचं बिल वाढून आलं. नेट मीटर लागून त्याची चाचणी होईपर्यंत, पॅनेलची वीज लिफ्ट-पंपाला चालेल अशी करणाऱ्या इन्व्हर्टरचा स्विच बंद ठेवा, आणि त्या स्विचच्या पेटीची किल्ली सोसायटीच्या कपाटात ठेवा.

सभासदांना आणखी एक गोष्ट बजावून सांगा. लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं, भर दुपारी, लखलखीत उन्हात. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. लिफ्टसाठी जनरेटर किंवा बॅटरी असेल तर ती काढू नका.

एप्रिल-मेमध्ये आकडा अपेक्षेएवढा दिसला नाही तर घाबरू नका. बाहेर बेचाळीस अंश असताना पॅनेल साठीच्या पुढे तापतं, आणि पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज कमी होते. इन्व्हर्टर उघड्या उन्हात लावलेला असेल तर तोही तापून उत्पादन कमी करतो. आमचा जिन्याच्या भिंतीवर सावलीत आहे.

अर्थिंगचं माप मे महिन्यातच घ्या. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत माप चांगलंच येतं. मेमध्ये ती भेगाळली की खरं कळतं. आमच्या अर्थिंगच्या तीन खड्ड्यांपैकी आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या निवारकाचा खड्डा त्या मापात नापास झाला होता, तो पुन्हा भरून घेतला.

धुण्यासाठी बोअरचं पाणी वापरू नका. सुरुवातीला आम्ही तेच केलं, आणि महिन्याभरात काचेवर नळाच्या तोटीवर बसतो तसा पांढरा थर बसला. आता सोसायटीच्या आरओचं फिल्टर झालेलं पाणी दोन बादल्या आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश, पंधरा दिवसांतून एकदा, सूर्य उगवायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही. वॉचमनच्या वहीत दर महिन्याच्या एक तारखेला नेट मीटरचे दोन आकडे लिहिलेले असतात, आलेली युनिट आणि गेलेली युनिट. शेजारी इन्व्हर्टरवरचा तयार युनिटांचा आकडा असतो. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा तो आकडा दहा टक्क्यांहून खाली गेला, की मी आधी ब्रश घेऊन गच्चीवर जातो आणि मगच व्हेंडरला फोन लावतो.